नवरात्राचा उपवास, नवी निघालेली शुगर आणि सासरचा आग्रह

"दोन महिन्यांपूर्वी मला शुगर निघाली, मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइडची एकत्र गोळी चालू आहे. नवरात्रात आम्ही सासरी गावाला जातो, घट बसतात, घरात सगळ्यांचे नऊ दिवस उपवास. मलाही देवीचा उपवास करायचाय पण साबुदाणा, बटाटा नकोय. सासूबाई आणि आत्याबाई 'उपवासाचंच तर आहे' म्हणत वाढत राहतात, नाही म्हटलं की चेहरा पडतो. त्यांना वाईट न वाटता कसं सांगू?"

मी आहारतज्ज्ञ आहे, आणि श्रावण लागला की दसरा होईपर्यंत माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या बायकांचा प्रश्न थोड्याफार फरकाने हाच असतो. काय खायचं ते त्यांना पाठ असतं, घोडं अडतं ते घरच्यांपाशी. तरी बोलायचं कसं हे सांगायच्या आधी तुमच्या गोळीबद्दल बोलायलाच हवं, कारण त्याच्यावर पुढचं सगळं ठरणार आहे.

मेटफॉर्मिन एकटी असती तर मी एवढी काळजी केली नसती, तिने एकटीने शुगर खाली घसरण्याची भीती फार कमी. ग्लिमेपिराइडचं तसं नाही. ती स्वादुपिंडाला इन्शुलिन सोडायला लावते, तुम्ही जेवा नाहीतर नका जेवू. म्हणजे गोळी घेतली आणि पोटात काही गेलं नाही, किंवा आरती लांबली आणि फराळ दोन तास पुढे गेला, तर शुगर सत्तरच्या खाली जाऊ शकते आणि मग देवघरासमोरच घाम, थरथर, चक्कर. म्हणून निघायच्या आठवडाभर आधी डॉक्टरांना स्पष्ट विचारा की नऊ दिवस असा असा उपवास करणारे, या वेळेला हे हे खाणारे, गोळीचं काय करू. ते डोस कमी करतील, वेळ बदलतील, किंवा सरळ सांगतील की यंदा नऊ दिवस नको. स्वतःच्या मनाने गोळी बंद करू नका, 'उपवासाला औषध चालत नाही' म्हणून तर अजिबातच नको. व्रत कशाने मोडत नाही त्याची जी जुनी यादी सांगतात त्यात पाणी, कंदमुळं, फळं, दूध यांच्या बरोबरीने औषधही आहे, हे घरात कोणी काढलंच तर उपयोगी पडेल. (यादीत कंदमुळं आहेत म्हणून आत्याबाई लगेच रताळं पुढे करतील ती गोष्ट वेगळी.)

हे आधी सांगायचं कारण असं की ज्या बाईचं स्वतःचंच ठरलेलं नसतं तिला सगळ्यात जास्त आग्रह होतो. 'बघू, थोडंसं घेते, नको, बरं अर्धी वाटी' असं चाललं की वाढणाऱ्याला कळतं की इथे जागा आहे. आणि ज्याचं पक्कं ठरलेलं असतं त्याच्या नुसत्या आवाजावरून कळतं, त्याला कडक बोलावंच लागत नाही.

आता तुमचा उपवास नेमका कुठला असणार हे ठरवा, आणि इथेच बऱ्याच जणी चुकतात. त्या जाऊन सांगतात 'मी डाएटवर आहे' किंवा 'मला डॉक्टरांनी मना केलंय'. झालं, म्हणजे वादाला तोंड फुटलं. डाएट या गोष्टीवर घरातल्या प्रत्येकाचं मत असतं, डॉक्टरांवर तर असतंच असतं. पण उपवासाच्या प्रकारावर कोणी वाद घालत नाही कारण ते त्यांच्याच ओळखीचं असतं. आपल्याकडे नवरात्र करायच्या किती रीती आहेत बघा. कोणी नऊ दिवस फराळावर राहतं, कोणी उठता-बसता करतं म्हणजे घट बसतात त्या दिवशी आणि शेवटी उठायच्या वेळी असे दोनच उपवास, कोणी एकभुक्त राहतं, कोणी धान्यफराळ करतं म्हणजे धान्य भाजून घेऊन त्याचं खातं, कोणी फक्त फळं आणि दूध. हे सगळं कोणाच्या ना कोणाच्या आजीने केलेलं आहे. 'आई, यंदा मी उठता-बसता करते' हे वाक्य तुमच्या सासूबाईंना लगेच कळेल, आणि उरलेले सात दिवस तुम्ही साधं जेवण म्हणजे पोळी, भाजी, वरण, ताक असं वेळेवर खाऊ शकता. तुमची शुगर नवीन आहे, गोळी अजून बसतेय, तेव्हा मला विचाराल तर पहिल्या वर्षी हेच करा. नऊ दिवसांचा हट्टच असेल आणि डॉक्टर हो म्हणाले तर धान्यफराळ बघा, भाजलेल्या ज्वारीची भाकरी आणि एखादी भाजी मिळाली तर साबुदाण्याचा प्रश्नच उरत नाही. फक्त तुमच्या सासरी ती रीत आहे का हे आधी विचारा, कारण काही घरात धान्यफराळ नेहमीचा असतो तर काही घरात 'हे कसलं उपवासाचं' म्हणतात, आणि आपण तिथे नवीन रीत शिकवायला चाललेलो नाही.

एकभुक्त मात्र तुम्ही करू नका. दिवसभर काही नाही आणि एकदाच जेवण हे तुमच्या गोळीबरोबर जमणारं नाही. निर्जळीचं तर नावच नको.

आता साबुदाण्याबद्दल, कारण 'उपवासाचंच तर आहे' याचं उत्तर त्यात आहे. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च, प्रथिनं नाहीत म्हटलं तरी चालेल, तंतू नाहीत. घरात वाढतात तशी भरलेली एक बशी खिचडी घ्या, त्यात कोरडा साबुदाणा साधारण साठ ग्रॅम जातो आणि त्यातून पन्नासेक ग्रॅम कर्बोदकं येतात. मध्यम आकाराच्या एका पोळीत वीस ग्रॅमच्या आसपास असतात. म्हणजे बशीभर खिचडी ही अडीच पोळ्या, बटाटा घातलेला असला तर तीन, आणि बरोबर ना वरण ना पालेभाजी. दाण्याच्या कुटाने जरा बरं होतं, शुगर चढायचा वेग थोडा कमी होतो, पण कूट कितीही घाला साबुदाणा तो साबुदाणाच. त्यात फराळाला दुपारी खिचडी, चार वाजता बटाट्याचा कीस, रात्री वडे. एकादशी दुप्पट खाशी म्हणतात ते उगाच नाही, आणि नवरात्रात तर ती एकादशी नऊ दिवस चालते.

सासूबाईंना ग्रॅम सांगू नका. पोळ्यांत सांगा. 'आई, ही बशीभर खिचडी म्हणजे तीन पोळ्या खाल्ल्यासारखं होतं मला, आणि डॉक्टरांनी एका वेळी दोनच सांगितल्यात.' हे ज्या बाईने आयुष्यभर पोळ्या मोजून लाटल्यात तिला पटकन समजतं, तिथे कर्बोदकं, ग्लायसेमिक इंडेक्स वगैरे काढलंत तर तुम्ही शहाणपणा शिकवताय असं वाटतं आणि मग खिचडी बाजूला राहते, वाद वेगळाच सुरू होतो.

आता मुख्य गोष्ट, कधी सांगायचं. आपल्याकडे पानावरचा पहिला नको हा नको नसतोच. वाढणारी बाई वाढणार, जेवणारा नको नको म्हणणार, ती अजून एक डाव टाकणार, मग तो हसून खाणार, ही रीतच आहे दोन्ही बाजूंची. पहिल्या नकोला ती थांबली तर उलट लोक म्हणतील की आग्रहसुद्धा केला नाही. म्हणजे तुम्ही पानावर बसून कितीही मनापासून नको म्हणालात तरी समोरच्याला ते रीतीतलं नको वाटतं. तुमचं खरं नको हे ताट मांडायच्या खूप आधी, स्वयंपाकघर ज्यांच्या हातात आहे त्यांच्याशी झालं पाहिजे. आणि खूप आधी म्हणजे किती, तर साबुदाणा भिजायच्या आधी. तो आदल्या रात्री भिजतो. रात्री दहा माणसांचा अंदाज धरून भिजवलेला साबुदाणा सकाळी तुम्ही नको म्हणालात की त्यांच्या दृष्टीने तुम्ही अन्न वाया घालवताय, आणि तो राग रास्त आहे.

म्हणून गावाला जायच्या चार-पाच दिवस आधी फोन करा. तुम्ही स्वतः करा, नवऱ्याला करायला लावू नका. त्याने आईला आजाराचं आणि गोळीचं सांगायला हरकत नाही, उलट ते त्यानेच सांगावं, पण 'तिला खिचडी देऊ नकोस' हे त्याच्या तोंडून गेलं की ती सुनेने नवऱ्यामार्फत केलेली तक्रार होते. आधी त्याने गोळीचं सांगायचं, मग दुसऱ्या दिवशी तुमचा फोन, साधारण असा:

"आई, घटाची तयारी झाली का? ऐका ना, यंदा मी उठता-बसता करणारे, ह्यांनी सांगितलंच असेल गोळीचं. उपवासाच्या दोन दिवशी मला साबुदाणा भिजवू नका, माझ्या वाटचा धरूच नका. मी राजगिऱ्याचं पीठ घेऊन येते, माझी भाकरी मीच थापेन. तुमची ती दाण्याची आमटी मात्र मला हवी बरं का, ती माझ्याच्याने तशी होत नाही."

यात काय काय झालं ते बघा, कारण शब्द तुम्ही तुमचे वापराल पण हा सांगाडा सोडू नका. काय करणार ते आधी आलं, काय नको ते नंतर. नको म्हटलेली गोष्ट एकच आहे, पाच नाहीत. त्यांचं काम वाढलं नाही, उलट एक माणूस कमी झालं. आणि शेवटी त्यांच्या हातची एक गोष्ट मागितली. हे शेवटचं खुशामतीसाठी नाही. आग्रह करणाऱ्या माणसाला तुम्हाला काहीतरी खाऊ घालायचंच असतं, ती वाट बंद केली की ती दुसरीकडून फुटते, म्हणून वाट तुम्हीच दाखवायची. दाण्याची आमटी, काकडीची दही घालून कोशिंबीर, ताक, दूध, पेरू यातलं जे तुम्हाला चालतं आणि त्यांना चांगलं जमतं ते मागा.

राजगिऱ्याची भाकरी म्हणजे शुगरला मोकळं रान नाही हेही सांगते, तीही एका पोळीच्या हिशोबातच धरायची, पण तिच्यात प्रथिनं आहेत, तंतू आहेत आणि आमटीबरोबर खाल्ली की पोट राहतं. लाडू मात्र नको, गुळात बांधलेला असतो. वरई आवडत असेल तर शिजवलेली एक छोटी वाटी भाकरीच्या ऐवजी घ्या, भाकरी आणि वरी दोन्ही नको. रताळं खायचंच झालं तर उकडून, बोटभर लांबीचं, आणि त्या वेळी भाकरी अर्धी. दाणे मूठभर, त्याहून जास्त नको, वजनही बघायचंय.

वेगळं काही करायला लावू नका हे मी मुद्दाम लिहितेय. माझ्याकडे येणाऱ्यांत जिथे जिथे बिनसलं तिथे बहुतेक वेळा पदार्थावरून नाही बिनसलं, कामावरून बिनसलं. सासूबाई पहिल्या दिवशी हौसेने सुनेचं वेगळं करतात, दुसऱ्या दिवशी करतात, तिसऱ्या दिवशी 'तुझं वेगळं व्हायचंय अजून' असं सगळ्यांसमोर येतं. हे वाक्य कानावर आलं की समजा पाणी डोक्यावरून चाललंय. जावेचंही असतंच, तिलाही उपवास आहे, तीही दमलीय, आणि तिच्यासाठी कोणी वेगळं केलेलं नाही. म्हणून पीठ तुमचं, तवा तुम्ही ठेवायचा, आणि जमलं तर सगळ्यांची खिचडी तुम्हीच परतायला घ्या. जी सून सगळ्यांना गरम खिचडी करून वाढते ती स्वतः काय खाते यावर बोलायला कोणाचं तोंड उघडत नाही.

आता इथे एक अडचण आहे. वाढणारी बाई शेवटी जेवते, आणि तिला आग्रह करणारं कोणी उरत नाही, त्यामुळे आग्रह टाळायला वाढायला उभं राहायचं ही बायकांची जुनी आणि चांगली युक्ती आहे. ती तुम्ही वापरू नका. तुमच्या गोळीला वेळेवर जेवण लागतं, दीडची पंगत तीनला संपली तर तुम्ही तीनपर्यंत उपाशी. त्यापेक्षा मुलांच्या पंगतीला बसा, उपवास नसलेली लहान मुलं आधी जेवतात त्यांच्याबरोबर. 'गोळी घेतलीय, मी मुलांबरोबर बसून घेते आणि मग तुम्हाला सगळ्यांना वाढते.' लवकर जेवणही झालं, मोठ्यांच्या पंगतीत वाढणारी म्हणून सुटकाही झाली.

मोठ्यांबरोबर बसायची वेळ आलीच तर ताट रिकामं होऊ देऊ नका. रिकामी जागा दिसली की डाव येतो. कोशिंबीर हळूहळू खा, वाटीत घोटभर आमटी शेवटपर्यंत राहू द्या. आणि आत्याबाई खिचडीचा डाव घेऊन आल्या की नको हा शब्द पहिल्यांदा उच्चारायचाच नाही. "आत्या, आमटी आहे का अजून? अर्धी वाटी द्या ना." त्यांच्या हातातला आग्रह खर्च झाला, वाढल्याचं समाधान मिळालं, आणि खिचडी पुढच्या ताटात गेली. हे इतकं साधं आहे की लोकांना खरं वाटत नाही, पण दुसऱ्यांदा मागून खाणाऱ्या माणसाला 'काही खात नाही' असं म्हणता येत नाही. तरी त्यांनी खिचडी टाकलीच, तर टाकू द्या. ताटावर दोन्ही हात आडवे धरून आरडाओरडा केला की गंमत होते आणि गंमतीत अजून एक डाव पडतो. टाकली, राहू दे, एक घास खा, बाकीची नवऱ्याच्या ताटात. त्याला हे आधी सांगून ठेवा की तुझ्या ताटात येईल ते न बोलता खायचं, त्यावर विनोद करायचे नाहीत. नवऱ्यांचे विनोद हा एक वेगळाच विषय आहे.

प्रसादाला नाही म्हणू नका. हातावर घ्या, कपाळाला लावा, चिमूटभर तोंडात टाका. चमचाभर शिऱ्याने किंवा पेढ्याच्या तुकड्याने तुमच्या शुगरचं काही बिघडत नाही, बिघडतं ते 'प्रसादच आहे' म्हणून भरलेल्या दुसऱ्या द्रोणाने. उरलेला पदरात किंवा डबीत घ्या आणि घरातल्या मुलांना द्या. प्रसादावरून तत्त्व पाळायला गेलात तर बाकी सगळं जमवलेलं पाण्यात जाईल.

दुसऱ्यांच्या घरी हळदीकुंकवाला, भोंडल्याला गेलात की तिथे आजार सांगत बसायची गरज नाही, सगळ्या गावाला तुमची शुगर कळायचं कारण नाही. "आत्ताच फराळ झालाय काकू, बांधून द्या, मुलं खातील." बांधून द्या म्हटलं की यजमानीण खूश होते, तिचा पदार्थ नाकारला गेला नाही. चहा बिनसाखरेचा मागायचा तर चहा ठेवायच्या आधी मागा, कप हातात आल्यावर नाही.

आता बोलणी. तीन-चारच असतात, दरवर्षी तीच. 'एका दिवसाने काही होत नाही' याला 'हो ना, पण दिवस आपले नऊ आहेत' इतकंच, हसून. 'आमच्या सासूलाही होती, सगळं खायच्या' याला उत्तरच देऊ नका, त्या माणसाबद्दल विचारा, किती वर्षं होती, काय औषध घ्यायच्या, बहुतेक वेळा पुढे पायाची जखम नाहीतर डोळ्याचं काहीतरी त्याच स्वतः सांगतात, आणि नाही सांगितलं तरी विषय खिचडीवरून हलतो. 'देवीचं करतेस आणि काही खात नाहीस' याला 'देवीनेच सांगितलंय आधी तब्येत बघ' असलं काही चुरचुरीत बोलू नका, त्यांच्या देवावर आपण टोमणा मारल्यासारखं होतं. 'खाते की आत्या, भाकरी झाली, आमटी दोनदा घेतली' एवढं पुरे. एकच नियम, कारण एकदा सांगायचं, दुसऱ्यांदा विचारलं तरी तेच वाक्य तसंच्या तसं. नवीन कारण दिलं की पहिलं कारण कच्चं होतं असा अर्थ निघतो. डॉक्टर, मग वजन, मग ॲसिडिटी, मग भूक नाही अशी कारणांची रांग लावलीत की आत्याबाई त्यातलं सगळ्यात कच्चं कारण बरोब्बर पकडतात. आणि हो, नवरात्र नसताना नुसतं जेवण टाळायला 'उपवास आहे' असं खोटं सांगू नका. अर्ध्या तासात साबुदाण्याचे वडे समोर येतील, आणि मग ते कुठल्या तोंडाने नाकारणार.

एक माणूस मात्र असा हवा की ज्याला सगळं माहीत आहे, आणि मी सांगेन तो माणूस आत्याबाईच असू द्या, म्हणजे ज्या सगळ्यात जास्त आग्रह करतात त्याच. त्यांना बाजूला घेऊन सांगा की आत्या, माझी गोळी अशी आहे की कधी शुगर एकदम उतरू शकते, मला दरदरून घाम आला, हात थरथरायला लागले, छातीत धडधडलं किंवा मी उगाच चिडचिड करायला लागले, काही विचारलं तर नीट बोलेना, तर आधी मशीनवर शुगर बघायची आणि मशीन हाताशी नसेल तर बघत बसायचं नाही, तीन चमचे साखर अर्ध्या पेल्यात विरघळवून मला प्यायला द्यायची. पंधरा मिनिटांनी परत बघायचं, सत्तरच्या वर आली नसेल तर परत तेवढीच साखर, आणि वर आली की काहीतरी पोटभरीचं खायला. तेव्हा मी उपवास आहे म्हणून नको म्हटलं तरी ऐकायचं नाही. शुद्ध नसेल किंवा गिळता येत नसेल तर मात्र तोंडात काही घालायचं नाही, घशात अडकतं, सरळ दवाखाना. हे सांगितल्यावर आग्रहाचं काय होतं ते बघाच. त्यांना कळतं की तुमचं नको कुठल्या वेळी ऐकायचं आणि कुठल्या वेळी मोडायचं, आणि त्या तुमच्या बाजूने उभ्या राहतात. पुष्कळ घरांत मी बघितलंय की नंतर दुसरं कोणी वाढायला आलं तर आत्याच म्हणतात, तिला नको गं, तिचं वेगळं आहे. ज्या दिवशी शुगर अशी उतरली त्या दिवशीचा उपवास तिथेच सोडायचा आणि डॉक्टरांना फोन करायचा, दुसऱ्या दिवशी परत तीच गोळी तशीच घेऊन उपवासाला बसायचं नाही.

मशीन बरोबर न्या. उपवासाच्या दिवशी सकाळी, दुपारच्या फराळाआधी आणि फराळ सुरू केल्यापासून दोन तासांनी असं तीनदा बघितलंत तरी अंदाज येतो, आणि जरा जरी विचित्र वाटलं तर त्याच क्षणी. बोटाला टोचल्याने उपवास मोडत नाही, कोणी म्हटलंच तर ते औषधातच धरा. सासऱ्यांना असल्या मशीनचं कुतूहल असतं, बघू द्या त्यांना, पण आकडा दाखवून 'बघा खिचडीने किती चढली' असं कोणाला हरवायला जाऊ नका.

राहिलं पारणं. नऊ दिवस जे कोणी बोललं नाही ते त्या दिवशी पुरणपोळीवर निघतं, कारण आता तर उपवासही नाही, मग काय अडचण. तिथे एक पुरणपोळी खा, दूध-तुपाबरोबर, शांतपणे, चवीने, आणि त्या जेवणात भात आणि कुरडया-पापड सोडा, कटाची आमटी आणि भाजी घ्या. सासूबाईंना पोळी वाढायच्या आधीच सांगा की एक, पण तव्यावरची गरम द्या. तुमचे नऊ दिवस असतील आणि डॉक्टरांनी गोळी कमी केलेली असेल तर ती पूर्ववत कधी करायची, पारण्याच्या सकाळी की दुसऱ्या दिवसापासून, हेही निघायच्या आधी त्यांच्याकडून लिहून घ्या, नाहीतर त्या दिवशी सणाच्या गडबडीत कोणालाच आठवत नाही.